शाळेची फी हप्त्यांत मागताना: विनवणी नको, वेळापत्रक हवे

घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी जाते किंवा पगार अचानक कमी होतो, तेव्हा बरेचसे खर्च थोडे थोडे आखडता येतात. किराण्याची यादी छोटी होते, सणाचे कपडे पुढच्या वर्षावर जातात, गाडी घरी ठेवून बसने प्रवास सुरू होतो. शाळेच्या फीचे तसे नसते. ती वर्षातून दोनदा-तीनदा, ठरलेल्या तारखेला, एकरकमी समोर येते आणि तिचे अर्धे भरून चालत नाही.

अशा वेळी पालक साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण संकोचाने गप्प राहतात आणि शाळेकडून तिसरी आठवण आल्यावर धावपळ करतात. काही जण लगेच अर्ज करतात, पण त्यात 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' याच्या पलीकडे शाळेला निर्णय घेता येईल असे काहीच नसते. असा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावरच राहतो, कारण त्यावर नेमके 'हो' म्हणायचे कशाला, हेच कळत नाही. हप्त्यांची मागणी ही पैशांची सूट मागणे नसून वेळ मागणे आहे. वेळ मागायचा तर तारखा आणि रकमा सांगाव्या लागतात. चांगल्या पत्रात हेच असते, आणि त्याला लेखी उत्तर देणे हे शाळेचे काम आहे.

पत्र कधी आणि कोणाला लिहायचे?

फीची मुदत संपण्यापूर्वी, शक्यतो तीन-चार आठवडे आधी. मुदतीआधी आलेले पत्र नियोजन वाटते. मुदतीनंतर तेच पत्र थकबाकीची सबब वाटते. शिवाय बहुतेक खासगी शाळांत फीचा हिशेब आता संगणकावर असतो. मुदत उलटली की विलंब शुल्क आपोआप चढू लागते आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव जाते. एकदा चढलेले विलंब शुल्क काढून घेण्यासाठी वेगळी मंजुरी लागते. न चढू देणे सोपे असते.

पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहावे, पण त्याची प्रत संस्थेच्या सचिवांना आणि शाळेच्या लेखा विभागाला द्यावी. अनेक संस्थांत मुख्याध्यापकांचा अधिकार शैक्षणिक बाबींपुरता असतो. पैशांचा निर्णय संस्थाचालक घेतात आणि अंमलबजावणी फीच्या खिडकीवरचा कर्मचारी करतो. मुख्याध्यापकांनी तोंडी 'बघू, भरा हळूहळू' म्हटले आणि खिडकीवर त्याची नोंदच नाही, अशी फसगत वारंवार होते. म्हणून पत्राची एक प्रत शिक्का-सहीनिशी पोच म्हणून घ्यावी आणि तेच पत्र ई-मेलनेही पाठवावे. वर्गशिक्षिकेमार्फत किंवा मुलाच्या दप्तरातून हे पत्र पाठवू नये. मुलाला या व्यवहारातला निरोप्या करण्याची गरज नाही.

हप्ता किती रकमेचा मागायचा?

बहुतेक पत्रे इथे चुकतात. पालक शाळेला पटेल असा आकडा लिहितात, स्वतःला झेपेल असा नाही. एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू.

पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक शहरातले कुटुंब आहे. वडील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पर्यवेक्षक होते आणि त्यांच्या हाती ४६ हजार रुपये येत. सप्टेंबरअखेर काम सुटले. सध्या ते एका गोदामात १६ हजारांवर तात्पुरते काम करतात. आईला खासगी नोकरीत १८ हजार मिळतात. म्हणजे घरात येणारे ६४ हजार रुपये ३४ हजारांवर आले. मुलगी सहावीत आहे. वार्षिक फी ८४ हजार असून त्यातला पहिल्या सत्राचा अर्धा भाग जूनमध्ये भरलेला आहे. उरलेले ४२ हजार १० नोव्हेंबरपर्यंत भरायचे आहेत.

आता खर्च पाहू. घराच्या कर्जाचा हप्ता ११,५०० रुपये. किराणा, दूध, भाजी आणि गॅस १०,५००. वीज, फोन आणि प्रवास ४,५००. आजीची औषधे १,५००. भिशी १,०००. एकूण २९ हजार. महिन्याला ५ हजार उरतात. त्यातले ५०० रुपये हाताशी ठेवले, तर फीसाठी ४,५०० मोकळे होतात.

पहिला मोह होतो तो '१४ हजारांचे तीन समान हप्ते द्यावेत' असे लिहिण्याचा. मागणी सुटसुटीत दिसते आणि शाळाही चटकन हो म्हणेल. पण हे कुटुंब डिसेंबरात १४ हजार कुठून आणणार? दुसराच हप्ता चुकेल, आणि हप्ता मागून चुकवणाऱ्या पालकाचे पुढचे पत्र कोणी गंभीरपणे घेत नाही.

खरा हिशेब असमान हप्त्यांचा आहे. नोव्हेंबरात ४,५०० आणि जवळच्या बचतीतले ३,००० मिळून ७,५०० भरता येतात. डिसेंबरात ४,५००. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आईचा भिशीचा नंबर लागणार आहे. त्याचे १२ हजार आणि महिन्याचे ४,५०० मिळून १६,५०० होतात. मग फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल असे तीन महिने प्रत्येकी ४,५००. बेरीज बरोबर ४२ हजार.

या आखणीत तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिला हप्ता मूळ मुदतीच्या दिवशीच आणि नेहमीच्या हप्त्यापेक्षा मोठा ठेवला आहे. देण्याची इच्छा दाखवणारा त्याच्याइतका दुसरा पुरावा नाही. हप्त्याची तारीख दरमहा १० ठेवली आहे, कारण दोन्ही पगार ७ तारखेपर्यंत जमा होतात. एक तारीख धरली असती तर दर महिन्याला उशीर झाला असता. आणि 'नवी नोकरी लागल्यावर भरतो' या आशेवर एक रुपयाही मांडलेला नाही. नोकरी लागली तर उरलेली रक्कम आधी भरता येईल, पण वेळापत्रक आज हातात असलेल्या पैशांवर उभे आहे.

फीखेरीज वाढत जाणारा एक खर्च आधीच थांबवावा: शाळेची बस. बसचे शुल्क बहुधा वेगळे आकारले जाते आणि सेवा घेतली की ते द्यावेच लागते. हप्त्यांचे पत्र द्यायचे आणि बसची थकबाकी वाढू द्यायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही. या कुटुंबाने मुलीला सोडण्या-आणण्याची सोय करून बस बंद केली आणि तसे पत्रातच कळवले.

मग पत्र कसे असावे?

एका पानात मावेल इतके. या कुटुंबाचे पत्र असे होईल:

*प्रति,*
*मा. मुख्याध्यापिका*
*प्रत: मा. सचिव, लेखा विभाग*

*विषय: इयत्ता ६ वी, तुकडी ब मधील विद्यार्थिनीची दुसऱ्या सत्राची फी सहा हप्त्यांत भरण्यास मंजुरी मिळण्याबाबत*

*महोदया,*

*माझी मुलगी आपल्या शाळेत पहिलीपासून शिकत आहे. तिची आजवरची फी मुदतीत भरलेली आहे. ३० सप्टेंबर रोजी माझी नोकरी संपली असून आमचे मासिक उत्पन्न ६४ हजारांवरून ३४ हजार रुपयांवर आले आहे. कार्यमुक्तीचे पत्र सोबत जोडले आहे.*

*दुसऱ्या सत्राची ४२ हजार रुपये फी आम्ही पूर्ण भरणार आहोत. फीमाफीची आमची मागणी नाही. १० नोव्हेंबर रोजी ७,५०० रुपये, १० डिसेंबर रोजी ४,५०० रुपये, १० जानेवारी रोजी १६,५०० रुपये आणि १० फेब्रुवारी, १० मार्च व १० एप्रिल रोजी प्रत्येकी ४,५०० रुपये याप्रमाणे ती स्वीकारावी, ही विनंती. शेवटचा हप्ता ३१ मार्चनंतर येतो याची आम्हाला कल्पना आहे. हिशेबाच्या दृष्टीने अडचण असल्यास कळवावे, तो आधी भरण्याचा प्रयत्न करू.*

*वेळापत्रकाप्रमाणे हप्ते भरले जात असताना विलंब शुल्क आकारू नये, तसेच मुलीचे वर्ग, परीक्षा व निकाल यांवर परिणाम होऊ नये, असे आपल्या उत्तरात नमूद करावे. फीबाबतचा सर्व संपर्क माझ्याशी किंवा माझ्या पत्नीशी साधावा. शाळेची बस १ नोव्हेंबरपासून आम्ही बंद करत आहोत.*

*आपले लेखी उत्तर ३१ ऑक्टोबरपर्यंत मिळाल्यास पुढील व्यवस्था करता येईल.*

*आपला नम्र,*

या पत्रात कुटुंबाच्या अडचणीला दोन वाक्ये आहेत, बाकी सगळे व्यवहाराचे आहे. आजारपणाचे तपशील, इतर कर्जे, नातेवाइकांनी मदत केली की नाही, हे काही लिहिलेले नाही. शाळेला उत्पन्न घटल्याचा एक कागद पुरतो: कार्यमुक्तीचे पत्र, किंवा घटीपूर्वीच्या आणि नंतरच्या पगाराच्या पावत्या. दुकानदार किंवा रिक्षाचालक पालकाकडे असा कागद नसतो. त्याने बँक खात्याच्या उताऱ्यातली जमा दाखवावी किंवा गाळा सोडल्याचा कागद द्यावा. सहा महिन्यांचा अख्खा उतारा देण्याची गरज नाही.

विलंब शुल्काचे वाक्य किरकोळ वाटते, पण ते गाळू नये. समजा, शाळा दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क घेते. १० नोव्हेंबर ते १० एप्रिल हे १५१ दिवस होतात. म्हणजे ७,५५० रुपये. हप्ते मंजूर झाले आणि विलंब शुल्काचे लेखी काही ठरलेच नाही, तर शेवटी एका मोठ्या हप्त्याएवढी रक्कम वेगळी निघू शकते.

शाळा हो का म्हणेल, आणि नाही का म्हणेल?

विनाअनुदानित शाळेला शिक्षकांच्या पगारासाठी सरकारी अनुदान नसते. पगार दरमहा द्यावे लागतात आणि फी मात्र वर्षातून दोन-तीन वेळा येते. त्यामुळे नोव्हेंबरात फी कमी आली की डिसेंबर-जानेवारीचे पगार अडतात. ही अडचण खरी आहे आणि पालकांनी ती मान्य करायला हवी. शाळेला त्याहून जास्त त्रास अनिश्चिततेचा होतो. १० एप्रिलपर्यंत पूर्ण येणारे ४२ हजार आणि कधी येतील ते माहीत नसलेले ४२ हजार, यांत कोणताही लेखापाल पहिले पसंत करील.

दुसरी अडचण ३१ मार्चची. शाळेचे शैक्षणिक वर्ष जूनला सुरू होत असो वा एप्रिलला, संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्या दिवशीची येणे रक्कम ताळेबंदात दिसते. म्हणून एप्रिलच्या हप्त्याला नकार येण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याचा उल्लेख पालकाने आधीच केला तर शाळेला चर्चेची वाट मोकळी राहते.

तिसरे कारण म्हणजे पायंड्याची भीती. 'एकाला दिले तर सगळे मागतील.' यावर उपाय नकार हा नाही. उत्पन्न घटल्याचा कागद, मुदतीपूर्वी अर्ज आणि पहिला हप्ता वेळेत, या तीन अटी घातल्या की खरोखर गरज असलेलेच पालक पुढे येतात.

कायदा कुठवर मदत करतो?

महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याचा मुख्य भर फी किती असावी आणि ती कोणी मान्य करावी यावर आहे. पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती यांना त्यात स्थान आहे. मात्र एका कुटुंबाचे उत्पन्न घटले म्हणून त्याला सवडीने फी भरू द्यावी की नाही, हा प्रश्न प्रत्यक्षात शाळेच्या दारातच सुटतो.

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाच्या ३ मे २०२१ च्या निकालात आहे. राजस्थानातील खासगी शाळांच्या करोनाकाळातील फीचा तो वाद होता. न्यायालयाने शाळांना २०२०-२१ या वर्षासाठी वार्षिक फीत १५ टक्के कपात करायला सांगितले आणि उरलेली फी ५ ऑगस्ट २०२१ पूर्वी सहा समान मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा दिली. ज्यांना तेही जमत नसेल त्या पालकांनी शाळेकडे वैयक्तिक निवेदन द्यावे आणि शाळेने प्रत्येक प्रकरणाचा सहानुभूतीने विचार करावा, असेही सांगितले. फी थकली म्हणून विद्यार्थ्याला वर्गात बसण्यापासून अडवू नये, निकाल रोखू नये आणि पालकांकडून हमीपत्र घेऊन दहावी-बारावीच्या मुलांची नावे परीक्षेसाठी पाठवावीत, असेही त्यात होते.

हा निकाल त्या असाधारण वर्षापुरता होता. आज नोकरी गेलेल्या पालकाला त्याच्या जोरावर कपात किंवा सहा हप्ते हक्काने मागता येणार नाहीत. पण त्यातला विचार आजही धरण्यासारखा आहे: फी देण्याची जबाबदारी पालकावर कायम राहते, मुलाचे शिक्षण अडवले जात नाही आणि मधला मार्ग वैयक्तिक निवेदनातून निघतो. वरचे पत्र म्हणजे तेच निवेदन आहे.

लहान वर्गांसाठी शिक्षण हक्क कायद्याचाही आधार आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि कलम १७ मुलाच्या मानसिक छळाला मनाई करते. फीसाठी मुलाला वर्गाबाहेर उभे करणे किंवा सगळ्यांसमोर नाव वाचणे यात काय मोडते, हे वेगळे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, एवढे लक्षात ठेवावे. तसेच कायद्याची कलमे पहिल्याच पत्रात लिहू नयेत. ती दुसऱ्या पत्रासाठी, मुलाला खरोखर त्रास झाला तर, राखून ठेवावीत. पहिल्या पत्रात कलमे आली की ते पत्र लेखा विभागाऐवजी संस्थेच्या वकिलाकडे जाते.

'शून्य व्याजाचा ईएमआय' घ्यावा का?

हप्ते मागायला गेलेल्या पालकाला काही शाळा एका वित्त कंपनीचा अर्ज पुढे करतात. 'हेही हप्तेच आहेत' असे सांगितले जाते. पण शाळेने दिलेले हप्ते आणि हे हप्ते यांत मूलभूत फरक आहे. इथे कंपनी शाळेला पूर्ण फी एकदम देते आणि पालक कंपनीचा कर्जदार होतो. व्याज नसले तरी प्रक्रिया शुल्क असू शकते. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पतमानांकनावर डाग पडतो. शाळेला पैसे मिळालेले असल्याने तिला नंतर मध्यस्थी करण्याचे कारण उरत नाही. मुलाने शाळा सोडली तरी कर्ज मागे राहते. उत्पन्न स्थिर असलेल्या घरासाठी ही सोय ठीक असेल. ज्याचे उत्पन्न नुकतेच अर्ध्यावर आले आहे, त्याने सहीपूर्वी अर्जावर 'कर्ज' हा शब्द आहे का, ते पाहावे आणि आधी शाळेकडेच हप्ते मागावेत.

दुसरा सापळा पुढच्या तारखांच्या धनादेशांचा. अनेक शाळा हप्ते मान्य करतात, पण सगळे धनादेश आधीच घेतात. असा धनादेश न वटल्यास तो परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. शाळेकडून नोटीस आल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर तो टळतो. म्हणून शक्य तर दरमहा बँकेतून थेट रक्कम पाठवावी आणि दर वेळी पावती घ्यावी. धनादेश द्यावेच लागले तर ते वेळापत्रकातल्याच तारखांचे आणि रकमांचे असावेत, व त्यांचे क्रमांक पत्रात लिहावेत. तारीख न घातलेला धनादेश कोणालाही देऊ नये.

एखादा हप्ता चुकलाच तर?

जानेवारीतला १६,५०० चा हप्ता भिशीवर अवलंबून आहे. भिशीचा नंबर महिनाभर पुढे गेला, तर १० जानेवारीची वाट पाहू नये. कळल्याबरोबर चार ओळींचे पत्र द्यावे: ठरलेले ४,५०० दहा तारखेला भरतो, उरलेले १२ हजार १० फेब्रुवारीला. चुकण्याआधी कळवलेला बदल शाळा बहुधा स्वीकारते. चुकल्यानंतरचे स्पष्टीकरण तिला नेहमीचे वाटते.

उरला प्रश्न शाळांचा. आज बहुतेक फीच्या परिपत्रकांत मुदत आणि विलंब शुल्क ठळक अक्षरांत असते, पण अडचणीत आलेल्या पालकाने काय करावे याची एक ओळही नसते. ती घालायला खर्च येत नाही. 'उत्पन्न अचानक घटले असल्यास मुदतीच्या १५ दिवस आधी कागदपत्रासह अर्ज करावा, सात दिवसांत लेखी उत्तर मिळेल' एवढे छापले आणि अर्जाची खिडकी वर्गशिक्षिकेपासून दूर ठेवली, तरी पालकांना गयावया करावी लागणार नाही आणि शाळेला थकबाकीचा अंदाज नोव्हेंबरातच येईल. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत फीवाढीवर चर्चा होईल तेव्हा हा ठरावही मांडता येईल. ज्या पालकाला आज गरज नाही त्याने तो मांडला, तर मागणाऱ्याला संकोच वाटणार नाही.